फोन फक्त उचलायचा असेल, तर सर्वात स्वस्त रिचार्ज कोणता? गावाकडच्या आजीच्या फोनचा पूर्ण हिशेब

'ट्रायचा नवा नियम! फक्त 20 रुपयांत सिम 120 दिवस चालू राहणार!' असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. तो वाचून अनेकांनी गावाकडच्या आईचा किंवा आजीचा रिचार्ज थांबवला. काही दिवसांनी त्या नंबरवर फोन लावला, तर तो लागेचना.

मेसेजमधले आकडे खरे आहेत, त्यांचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. 20 रुपयांचा नियम नेमका काय आहे आणि ज्यांना फक्त फोन उचलायचा आहे, त्यांच्यासाठी सर्वात स्वस्त रिचार्ज कोणता, हे आपण एका उदाहरणातून समजून घेऊ.

उदाहरण धावड्याचं

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात धावडा नावाचं गाव आहे. समजा, तिथे साठीतल्या एक आजी राहतात. एक मुलगा पुण्यात, मुलगी छत्रपती संभाजीनगरला. आजींकडे बटणांचा जुना 2जी फोन आणि एअरटेलचं सिम आहे.

दिवसातून चार-पाच फोन येतात. मुलाचा, मुलीचा, कधी नातेवाइकांचा. आजी स्वतःहून फोन लावतात तो क्वचित. लावला तरी दोन-चार मिनिटांत बोलणं संपतं. इंटरनेट त्या वापरत नाहीत, कारण त्यांच्या फोनमध्ये ते चालतच नाही म्हटलं तरी चालेल.

तरीही पुण्याचा मुलगा दर 28 दिवसांनी 199 रुपयांचा रिचार्ज मारतो. त्यात 2 जीबी डेटा असतो आणि आजी त्यातला एक एमबीसुद्धा वापरत नाहीत. मग हे पैसे जातात कशाला?

आजी पैसे भरतात ते मुदतीसाठी

आजींना अमर्याद कॉल नकोत आणि डेटाही नको. त्यांना हवं ते एवढंच, की कुणी नंबर फिरवला तर घंटी वाजावी आणि बँकेचा मेसेज यावा. कंपनीच्या भाषेत याला व्हॅलिडिटी म्हणतात, म्हणजे रिचार्जची मुदत. आजींसारख्या ग्राहकासाठी रिचार्जमधली उपयोगाची वस्तू हीच एक.

म्हणून प्लॅन निवडताना किती जीबी, किती एसएमएस हे आधी बघू नका. प्लॅनच्या किमतीला दिवसांनी भागा. फोन चालू ठेवायला रोज किती रुपये पडतात, तो आकडा बघा.

199 रुपये भागिले 28 दिवस, म्हणजे रोजचे 7 रुपये 11 पैसे. आता '28 दिवस' म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे रिचार्ज बारा नाही, तेरा होतात. 199 गुणिले 13 म्हणजे 2,587 रुपये. मुलाच्या डोक्यात मात्र 'महिन्याला दोनशे, म्हणजे वर्षाला चोवीसशे' असा हिशेब असतो.

पूर्वी इनकमिंग फुकट होतं, मग आता पैसे का?

घरातल्या मोठ्यांना 'लाइफटाइम' सिम आठवत असेल. एकदा सिम घेतलं की बॅलन्स शून्य असला तरी फोन यायचे. हे परवडायचं कसं? तेव्हा एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावला, की लावणाऱ्याची कंपनी उचलणाऱ्याच्या कंपनीला दर मिनिटाला ठरावीक पैसे द्यायची. आजींनी एक रुपयाही खर्च केला नाही, तरी त्यांना येणाऱ्या फोनवर त्यांच्या कंपनीची कमाई होत होती.

ही रक्कम ऑक्टोबर 2017 मध्ये 14 पैशांवरून 6 पैशांवर आली आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाली. नुसता फोन उचलणाऱ्या ग्राहकाकडून कंपनीला मिळणारं उत्पन्न असं आटत गेलं. 2018 च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्जची अट घातली. तेव्हा तो 35 रुपयांचा होता. एअरटेलचा किमान रिचार्ज 2021 च्या अखेरीस 99 वर गेला आणि जुलै 2024 मध्ये 199 वर. आजींचा वापर तेवढाच राहिला आणि खर्च पाचपटीहून जास्त झाला.

मग 20 रुपयांचा नियम काय आहे?

हा नियम नवा नाही, 2013 पासून आहे. त्यात एवढंच म्हटलंय की प्रीपेड नंबर 90 दिवसांपेक्षा कमी काळ वापरात नसेल, तर त्या कारणाने कंपनीने तो बंद करायचा नाही. 90 दिवसांनंतरही मुख्य बॅलन्समध्ये 20 रुपये किंवा जास्त असतील, तर त्यातले 20 रुपये कापून कंपनी नंबर आणखी 30 दिवस राखते. बॅलन्स पुरेसा असेपर्यंत हे चालू राहतं. 90 अधिक 30, म्हणजे मेसेजमधले 120 दिवस.

पण नंबर राखणं वेगळं आणि सेवा चालू असणं वेगळं. रिचार्जची मुदत संपली की आधी आउटगोइंग बंद होतं. मग कंपनी ठरवेल तितक्या थोड्या दिवसांनी इनकमिंग कॉल आणि मेसेजही बंद होतात. त्यानंतर नंबर आजींच्याच नावावर असतो, तो दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, पण त्यावर फोन लागत नाही. घराला कुलूप आहे आणि सातबारा तुमच्या नावावर आहे, अशी ती अवस्था.

यात आणखी एक गोची आहे. 20 रुपयांचा टॉपअप मारला तर बॅलन्समध्ये 20 रुपये जमाच होत नाहीत. जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वजा होऊन साधारण 14 रुपये 95 पैसे उरतात. नियमाला बॅलन्स 20 लागतो. म्हणजे मेसेज वाचून 20 चा टॉपअप मारणाऱ्याचा नंबर त्या एका टॉपअपने राखलाही जात नाही.

हा नियम उपयोगाचा आहे तो कपाटात पडून असलेल्या दुसऱ्या सिमसाठी. ज्यावर रोज घरच्यांचे फोन येतात, त्या सिमसाठी नाही.

नंबर गेला तर काय जातं?

आजींचा नंबर आधारला आणि बँक खात्याला जोडलेला आहे. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागला. ज्यांचे नंबर बंद होते, त्यांची तिथेच अडचण झाली.

कारण मुदत संपल्यावर काही दिवसांनी ओटीपीचा मेसेजही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे नंबर कायमचा बंद झाला, तर काही काळाने कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग आजींच्या खात्याचे मेसेज अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. आधारला नवा नंबर जोडायचा तर आजींना स्वतः हजर राहून ओळख पटवावी लागते. ते काम पुण्यात बसून मुलाला करता येत नाही.

वापर नसल्यामुळे नंबर बंद झाला असेल, तर बंद झाल्यापासून 15 दिवसांत जास्तीत जास्त 20 रुपये भरून तो परत चालू करून घेण्याची सोय नियमात आहे. ते दिवस हातचे जाऊ देऊ नका.

आता स्वस्त पर्याय शोधूया

23 डिसेंबर 2024 रोजी ट्रायने आपल्या नियमांत बदल केला. प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज असा ठेवावा ज्यात फक्त कॉल आणि एसएमएस असतील, डेटा नसेल, असं बंधन घातलं. अशा रिचार्जची मुदत 90 ऐवजी 365 दिवसांपर्यंत ठेवायलाही परवानगी दिली.

जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांनी हे प्लॅन आणले. आधीचे दर काही दिवसांतच कमी केले गेले. त्यानंतरचे दर आणि रोजचा खर्च असा होता:

- एअरटेल 469 रुपये, 84 दिवस: रोज 5 रुपये 58 पैसे
- एअरटेल 1,849 रुपये, 365 दिवस: रोज 5 रुपये 7 पैसे
- जिओ 448 रुपये, 84 दिवस: रोज 5 रुपये 33 पैसे
- जिओ 1,748 रुपये, 336 दिवस: रोज 5 रुपये 20 पैसे

या चारही प्लॅनमध्ये कॉल अमर्याद आहेत आणि डेटा शून्य. दर बदलत असतात, त्यामुळे रिचार्ज मारायच्या दिवशी तुमच्या सर्कलचा दर बघा आणि हाच भागाकार पुन्हा करा. धावड्यासाठी सर्कल 'महाराष्ट्र आणि गोवा' असतं. मुंबईचं सर्कल वेगळं आहे. सगळ्या कंपन्यांचे दर एका जागी बघायचे असतील तर ट्रायचं `tariff.trai.gov.in` हे पोर्टल आहे.

वरच्या यादीत जिओचे दोन आकडे पुन्हा बघा. 84 दिवसांचा आणि 336 दिवसांचा प्लॅन यांत रोजचा फरक फक्त 13 पैसे आहे. वर्षाला पन्नासेक रुपये वाचवायला एकदम 1,748 रुपये अडकवायचे का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. एअरटेलमध्ये मात्र हा फरक 51 पैशांचा आहे, म्हणजे वर्षाला 185 रुपयांच्या आसपास. 'वार्षिक प्लॅन स्वस्तच पडतो' असं सरसकट धरून चालू नका. तो किती स्वस्त पडतो, ते बघा.

बीएसएनएल आणि जिओभारतचं काय?

रोजच्या खर्चात याहून खाली जाणारे दोन पर्याय आहेत आणि दोघांनाही अट आहे.

पहिला बीएसएनएलचा. कंपनीने 1,198 रुपयांचा 365 दिवसांचा प्लॅन आणला होता. त्यात दर महिन्याला 300 मिनिटं आउटगोइंग, 3 जीबी डेटा आणि 30 एसएमएस. रोजचा खर्च 3 रुपये 28 पैसे. इथे कॉल अमर्याद नाहीत, पण 300 मिनिटं म्हणजे रोज दहा मिनिटं. ही मर्यादा लावलेल्या फोनवर आहे, येणाऱ्या फोनवर नाही. आजींना ती कधी आडवी येणार नाही. मात्र बीएसएनएलने अनेक प्लॅनची किंमत तीच ठेवून दिवस कमी केलेले आहेत. म्हणून किंमत ओळखीची दिसली तरी मुदत पुन्हा वाचा.

आणि खरी अट रेंजची. स्वस्त सिमला घरात रेंज नसेल, तर ते सर्वात महाग सिम ठरतं. गावात टॉवर आहे एवढ्यावर जाऊ नका. शेजारी कुणाकडे त्या कंपनीचं सिम असेल, तर ते आजींच्या फोनमध्ये घाला, आजी जिथे बसतात आणि झोपतात तिथे फोन ठेवा आणि बाहेरून पाच-सहा वेळा कॉल करा. दिवसा, रात्री आणि वीज गेलेली असताना. टॉवरची बॅटरी उतरली की रेंज जाते, हे गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरा पर्याय जिओभारत फोनचा. हा 4जी चालणारा बटणांचा फोन 2023 मध्ये 999 रुपयांना बाजारात आला. त्यासाठी 28 दिवसांचा 123 रुपयांचा आणि वर्षाचा म्हणून 1,234 रुपयांचा प्लॅन आला. तो 'वर्ष'ही 336 दिवसांचाच आहे. रोजचा खर्च 3 रुपये 67 पैसे. पण हा प्लॅन त्याच फोनवर चालतो. तेच सिम काढून दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये घातलं तर या दराचा उपयोग नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जिओचं 2जी नेटवर्क नाही. आजींचा जुना फोन 2जी असेल, तर जिओचं कोणतंच सिम त्यात चालणार नाही. त्यामुळे आधी फोन कोणता ते बघा, मग सिम आणि शेवटी प्लॅन. अनेक जण हा क्रम उलटा करतात, सिम पोर्ट होऊन येतं आणि मग फोन नवा घ्यावा लागतो.

आजींसाठी काय ठरलं?

आता सगळं एका ओळीत लावू. आजींचा फोन 2जी आहे आणि त्या नवा फोन शिकायला तयार नाहीत. म्हणून जिओ बाद. बीएसएनएलचं सिम घालून बघितलं, समजा अंगणात रेंज आली पण आतल्या खोलीत गेली. आजींना फोन येतात ते बहुतेक रात्री जेवणानंतर, त्या आत असताना. म्हणून बीएसएनएलही बाद.

राहिलं एअरटेल, म्हणजे आहे तेच सिम. नंबर बदलायचा नाही, पोर्ट करायचं नाही. फक्त 199 च्या जागी 1,849 चा व्हॉइस प्लॅन. वर्षाला 2,587 ऐवजी 1,849, म्हणजे 738 रुपये वाचले. शिवाय वर्षात तेरा वेळा तारीख लक्षात ठेवायची गरज संपली. दोन वेळा मुलगा विसरला होता, तेव्हा आजींचा फोन बंद लागला म्हणून मुलीने शेजाऱ्यांना घरी पाठवलं होतं. तो घोर पैशात मोजता येत नाही.

एकदम 1,849 काढणं जड असेल तर 469 चा प्लॅन घ्या. वर्षाचा खर्च साधारण 2,040 पर्यंत जातो, तरीही 199 च्या रिचार्जपेक्षा साडेपाचशे रुपये कमी.

आतल्या खोलीत बीएसएनएलची रेंज मिळाली असती, तर निर्णय वेगळा झाला असता. वर्षाची बचत 1,389 रुपयांवर गेली असती. म्हणूनच रेंजची ती अर्ध्या दिवसाची तपासणी टाळू नका.

थोडासा डेटा लागत असेल तर?

काही आजोबांना महिन्यातून दोनदा नातवाचा फोटो बघायचा असतो किंवा एखादं यूपीआय पेमेंट करायचं असतं. अशा वेळी दोन खर्चांची तुलना करा.

जिओचा 189 रुपयांचा प्लॅन 28 दिवसांचा आहे आणि त्यात 2 जीबी डेटा मिळतो. 84 दिवसांसाठी तीन वेळा मारला तर 567 रुपये. तेवढ्याच दिवसांचा व्हॉइस प्लॅन 448 चा. म्हणजे डेटासाठी तीन महिन्यांत 119 रुपये जास्त. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल होत असेल तर हे 119 रुपये वसूल होतात. फोटो नातवाच्या हॉटस्पॉटवर किंवा शेजारच्या वायफायवर बघितले जात असतील, तर होत नाहीत.

व्हॉइस प्लॅन स्मार्टफोनवर घेतला तर सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटा बंद करून ठेवा. मुख्य बॅलन्समध्ये पैसे असतील आणि डेटा चालू राहिला, तर पॅक नसताना फोन आपोआप अपडेट घेतो आणि बॅलन्स संपतो. बॅलन्स कुठे गेला हे कळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

हे प्लॅन दिसत का नाहीत?

कारण ते समोर ठेवलेले नसतात. पेमेंट अ‍ॅप उघडलं की वर 'लोकप्रिय' प्लॅन येतात आणि ते रोजच्या डेटाचे असतात. व्हॉइस प्लॅन शोधायला खालपर्यंत सरकवावं लागतं, 'व्हॅल्यू' किंवा अशाच नावाच्या वेगळ्या रकान्यात जावं लागतं. सोपा उपाय म्हणजे शोधाच्या चौकोनात थेट रक्कम टाका. प्लॅन उघडल्यावर मुदत किती दिवस आणि डेटा 'नाही' असं लिहिलंय का, ते वाचा. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून रिचार्ज केला तर पेमेंट अ‍ॅपची एक-दोन रुपयांची जादा फीही वाचू शकते.

दुकानातून रिचार्ज करत असाल तर 'सगळ्यात स्वस्त मारा' असं म्हणू नका. दुकानदार सर्वात कमी किमतीचा मारेल आणि तो दिवसाला सर्वात महाग पडणारा असू शकतो. 'फक्त कॉलिंगचा, 84 दिवसांचा' असं दिवसांसकट सांगा.

कंपनी बदलायचीच असेल तर

रेंजची तपासणी पास झाली आणि पोर्ट करायचं ठरलं, तर आजींच्या फोनवरून `PORT`, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. तुमच्या रिचार्जमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ द्यावा, असा ट्रायचा डिसेंबर 2021 चा आदेश आहे. उत्तरात एक कोड येतो आणि तो साधारण चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं.

पोर्ट करण्याआधी दोन तारखा बघा. आताच्या कंपनीत निदान 90 दिवस झालेले असावे लागतात. आणि जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीकडे येत नाहीत, ते बुडतात. म्हणून मुदत संपायच्या आठवडाभर आधी अर्ज करा. अगदी शेवटच्या दिवशी केलात आणि मधेच इनकमिंग बंद झालं, तर पोर्टिंगचे मेसेजच पोहोचणार नाहीत.

आज घरी फोन लावाल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: सिम कुठल्या कंपनीचं, मागचा रिचार्ज किती रुपयांचा आणि तो कोणत्या तारखेला मारला. दिवस मोजा, भागाकार करा. रोजचा आकडा 6 रुपयांच्या वर येत असेल आणि डेटा वापरला जात नसेल, तर पुढचा रिचार्ज बदलायला हरकत नाही.